माल तेवढाच, मग जास्त परवडतं ते कशाच्या जोरावर?

विचारणा: निफाडला घरची द्राक्षबाग आहे आणि नाशिकला एमए अर्थशास्त्र करतोय. निर्यातीचे भाव आयातीच्या भावांपेक्षा जास्त वाढले की देशाला जास्त परवडतं, असं वर्गात व्यापारशर्ती शिकवताना सांगितलं. पण बाग तेवढीच, माल तेवढाच, मग हे जास्तीचं आलं कुठून? आणि रुपया पडला की एक्सपोर्टच्या मालाला जास्त पैसे मिळतात, तेही हेच का?

उत्तर: जास्तीचं येतं पलीकडच्या गिऱ्हाइकाकडून. वेलीवर एक घड जास्त न लागताही तो तुमच्या तेवढ्याच मालाच्या बदल्यात पूर्वीपेक्षा जास्त वस्तू द्यायला तयार होतो. हे लक्षात येत नाही, कारण आपण निर्यातीकडे डॉलर मिळवण्याचं काम म्हणून बघतो. डॉलर हा मधला टप्पा आहे. त्या डॉलरनी पुढे तेल, खत, सोनं, यंत्रं येतात, आणि देशाच्या दृष्टीने निर्यातीची खरी किंमत म्हणजे ह्या येणाऱ्या वस्तू. म्हणून हिशेब डॉलरमध्ये न करता मालाच्या बदल्यात मालाचा करून बघा.

चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं बसतात. बंदरावर जहाजात चढेपर्यंतचा भाव किलोला २ डॉलर धरू. हा आकडा हिशेबाच्या सोयीचा आहे, कुठल्या हंगामाचा भाव म्हणून घेऊ नका. कंटेनरचे झाले २६,००० डॉलर. आता ह्या पैशांचं पोटॅश घ्या. पोटॅश मुद्दाम निवडलंय, कारण म्युरेट ऑफ पोटॅश आपल्याकडे जवळजवळ सगळं बाहेरून येतं आणि त्याचे भाव मोठ्या करारांनी ठरतात, त्यामुळे आकडे स्वच्छ मिळतात. भारतासाठीचा करार २०२२ साली टनाला ५९० डॉलरने झाला होता, २०२३ मध्ये ४२२ ने आणि २०२४ मध्ये २८० च्या आसपास. म्हणजे द्राक्षाचा भाव जागचा हलला नाही असं धरलं, तर तोच एक कंटेनर २०२२ मध्ये ४४ टन पोटॅश आणतो, २०२३ मध्ये जवळजवळ ६२ टन आणि २०२४ मध्ये ९३ टन. बाग तीच, छाटणी तीच, पेट्या तेवढ्याच.

इथे आयातीची वस्तू स्वस्त झाली. निर्यातीची महाग झाली असती तरी हेच घडलं असतं. ४२२ डॉलरच्या पोटॅशवर द्राक्षाचा भाव २ वरून २.४० डॉलर झाला, तर कंटेनरचे ३१,२०० डॉलर होतात आणि ६२ ऐवजी ७४ टन येतं. शेवटी मोजायचं असतं ते एकच गुणोत्तर:

```
व्यापारशर्ती = (निर्यात किमतींचा निर्देशांक ÷ आयात किमतींचा निर्देशांक) × १००
```

आधारवर्षी हे १०० असतं. निर्यात किमती २० टक्के चढल्या आणि आयात किमती जागच्या जागी राहिल्या, तर १२०. निर्यात किमती १० टक्के चढल्या पण आयात ४० टक्के महागली, तर ११० भागिले १४०, म्हणजे साधारण ७९. ह्या दुसऱ्या उदाहरणात निर्यातदार खूश असतो, बातमी ‘विक्रमी भाव’ अशी छापून येते आणि देशाला मात्र तेवढ्याच निर्यातीत पूर्वीपेक्षा एकवीस टक्के कमी आयात परवडत असते. नुसता निर्यातीचा भाव बघून काही कळत नाही ते ह्यामुळे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, कारण ती बरोबर जागी बोट ठेवते: उत्पादन वाढलं नाही, तर उत्पन्न कसं वाढलं? एक छोटा देश कल्पून बघू. त्याचं वर्षाचं एकूण उत्पादन १००० एकक. त्यातले ८०० घरीच वापरले जातात, २०० द्राक्षांच्या रूपाने बाहेर जातात आणि त्या बदल्यात २०० एककांची आयात होते. लोकांच्या हाती वापरायला आले ८०० अधिक २००, म्हणजे १०००. पुढच्या वर्षी उत्पादन तेवढंच राहिलं, निर्यातही तेवढीच, पण द्राक्षाचा भाव २० टक्के वाढला आणि आयातीचा स्थिर राहिला. निर्यातीचे २४० आले, त्यांची २४० एकक आयात झाली. लोकांच्या हाती आता ८०० अधिक २४०, म्हणजे १०४०.

ह्या देशाचं स्थिर किमतींवरचं जीडीपी विचाराल, तर वाढ शून्य. आणि ते चूक नाही, कारण जीडीपी काय पिकलं, काय बनलं हे मोजतं, आणि पिकलं तेवढंच. चालू किमतींना उत्पादन १०४० दिसतं. सांख्यिकीवाले त्याला उत्पादनाच्या किमतींच्या निर्देशांकाने, म्हणजे १.०४ ने भागतात आणि पुन्हा १००० वर येतात. पण लोक जे विकत घेतात त्याच्या किमती वाढलेल्याच नाहीत. महाग झाली ती फक्त बाहेर पाठवलेली द्राक्षं. तेव्हा त्याच १०४० ला खरेदीच्या किमतींनी भागलं तर १०४० च राहतात. पहिला आकडा वास्तव जीडीपीचा, दुसरा वास्तव देशांतर्गत उत्पन्नाचा. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ह्या दोहोंमधल्या ४० एककांना ‘व्यापारी लाभ’ म्हणून वेगळी जागा दिलेली आहे. आपल्याकडे तिमाही वाढीच्या बातमीत तो कोणी दाखवत नाही, आणि मग ‘वाढ तर दिसते पण खिशात काही नाही’ किंवा त्याच्या उलट अशा तक्रारींचं मूळ कळत नाही.

त्या ४० चा ठोकताळा सोपा आहे. निर्यातीचा उत्पादनातला वाटा २० टक्के होता, गुणोत्तर २० टक्क्यांनी सुधारलं. २० टक्क्यांचे २० टक्के म्हणजे ४ टक्के. वाटा जितका मोठा तितका झोका मोठा. आयात आणि निर्यात सारखी नसेल, आणि भारताची ती नसतेच, तेव्हा दोन्ही बाजू वेगळ्या धराव्या: निर्यातीचा वाटा गुणिले निर्यात किमतींतली वाढ, वजा आयातीचा वाटा गुणिले आयात किमतींतली वाढ.

आणि हा लाभ आयात वाढवूनच घ्यायला हवा असं नाही. तेवढीच आयात पुरेशी असेल, तर माल कमी पाठवला तरी चालतं. कंटेनरच्या भाषेत, द्राक्षाचा भाव २० टक्के वाढल्यावर जुन्याइतकंच पोटॅश आणायला १३ टनांऐवजी १०.८ टन द्राक्षं पुरतात; उरलेली नाशिकच्या बाजारात खपवा, बेदाणा करा किंवा ती जमीन दुसऱ्या पिकाला द्या. तिसरा मार्ग म्हणजे जादा डॉलर खर्चच न करता गंगाजळीत ठेवणं किंवा परदेशी कर्ज फेडणं.

निर्यातीच्या बाजूने खरोखरच असा झोका बसलेला देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. चीनच्या पोलाद कारखान्यांमुळे लोहखनिजाचे भाव पाच वर्षांत सहापट झाले. त्यांच्या रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन स्टीव्हन्स यांनी २०१० मध्ये ते असं मांडलं होतं: पाच वर्षांपूर्वी लोहखनिजाच्या एका जहाजाच्या मोलात २,२०० च्या आसपास फ्लॅट टीव्ही येत, आता २२,००० येतात. थोडा वाटा टीव्ही स्वस्त झाल्याचा, मोठा वाटा खनिज महागल्याचा. खाणीतून निघणारं एक जहाज तेच होतं. पण त्याची दुसरी बाजूही बघा. खनिजाच्या डॉलरांमुळे ऑस्ट्रेलियन डॉलर इतका चढला की २०११ मध्ये तो अमेरिकी डॉलरच्याही वर गेला, आणि तिथल्या कारखानदारीचा माल बाहेर खपेना. देशाला एकूण जास्त परवडत होतं आणि त्याच वेळी कारखानदार अडचणीत होता. पुढे खनिजाचे भाव उतरले तेव्हा लाभाचा मोठा भाग परतही गेला. व्यापारशर्तींतली सुधारणा टिकाऊ धरून खर्चाची सवय लावणं हे खनिज आणि तेल विकणाऱ्या देशांचं जुनं दुखणं आहे.

भारताचा झोका बहुतेक वेळा आयातीच्या बाजूने बसतो, कारण आपण लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०१३-१४ ते २०१५-१६ चं. भारत घेतो त्या कच्च्या तेलांच्या मिश्रणाचा, म्हणजे ‘इंडियन बास्केट’चा सरासरी भाव पिंपाला १०५.५ डॉलरवरून ४६ डॉलरवर आला. २०१३-१४ मध्ये आपण १८.९ कोटी टन कच्चं तेल आणलं, त्याचे १४३ अब्ज डॉलर दिले. २०१५-१६ मध्ये २०.३ कोटी टन आणलं, म्हणजे जास्तच, आणि दिले ६४ अब्ज. जुन्या भावाने हेच २०.३ कोटी टन घेतलं असतं तर १५३ अब्ज लागले असते. बचत ८९ अब्ज डॉलर.

इथे घाई केली की फसतो. आपण कच्चं तेल आणतो तसं जामनगरसारख्या ठिकाणी शुद्ध करून पेट्रोल-डिझेल बाहेर विकतोही. ही निर्यात साधारण ६० अब्जांची होती ती ३० अब्जांच्या आसपास आली. बहुतेक घट भावाची, थोडी मालाची. भावामुळे गेलेले सत्तावीस-अठ्ठावीस अब्ज वजा केले की निव्वळ लाभ साठएक अब्ज उरतो. तेव्हाची अर्थव्यवस्था सुमारे २,१०० अब्ज डॉलरची, म्हणजे तीन टक्क्यांच्या जवळ. देशाने काही जास्त न पिकवता मिळालेली ही रक्कम होती.

मग चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या १.७ टक्क्यांवरून १.१ वरच का आली, तीन टक्क्यांनी का नाही उतरली? कारण वस्तूंची एकूण निर्यात ३१४ अब्जांवरून २६२ अब्जांवर घसरली होती, म्हणजे पेट्रोलियम सोडूनही वीसएक अब्जांची घट. शिवाय तेलाखेरीज इतर आयात थोडी वाढली. ही दुसरी गोष्ट म्हणजेच ‘परवडणं’: तेलावरचे डॉलर सुटले ते दुसऱ्या वस्तूंवर गेले. तूट जशीच्या तशी उतरली नाही म्हणून लाभ झालाच नाही, असं म्हणता येत नाही.

तो लाभ कोणाच्या हाती गेला, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गुणोत्तरात सापडत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ ह्या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवर लिटरला एकूण ११.७७ रुपये आणि डिझेलवर १३.४७ रुपये. पिंप निम्म्याहून स्वस्त झालं तरी पिंपळगावच्या पंपावरचं डिझेल निम्म्यावर आलं नाही ते म्हणून. लाभाचा मोठा तुकडा सरकारी तिजोरीत गेला, तिथून रस्त्यांवर गेला की तूट भरण्यात, त्यावर वाद घाला. पण देशाच्या हिशेबात तो देशातच राहिला. उलट दिशेचं वारंही पुढे पाहायला मिळालं. बास्केटचा सरासरी भाव २०२१-२२ मध्ये ७९ आणि २०२२-२३ मध्ये ९३ डॉलर झाला, तेव्हा तेच गणित उलटं चाललं.

आता रुपयाचं. नाही, ते हेच नव्हे, आणि ह्यात बागायतदारच नव्हे तर शिकलेले लोकही गफलत करतात. डॉलर ८० चा ८८ झाला असं धरा. २६,००० डॉलरचा कंटेनर २०.८० लाखांचा होता, तो २२.८८ लाखांचा झाला. बागायतदार म्हणतो, दोन लाख सुटले. पण ४२२ डॉलरचं पोटॅश ३३,७६० रुपये टन होतं, तेही ३७,१३६ झालं. भागाकार करून बघा: आधीही ६२ टन, नंतरही ६२ टन. गुणोत्तराच्या वर आणि खाली दोन्हीकडे तोच ८८ आहे, तो उडून जातो.

मग बागायतदाराच्या हातात आलेले दोन लाख खोटे का? खोटे नाहीत. त्याची मजुरी, जमिनीचा खंड, पॅकहाऊसचं भाडं रुपयांत ठरलेलं असतं आणि लगेच हलत नाही, म्हणून त्याची मिळकत वाढते. पण ती वाढ परदेशी गिऱ्हाइकाने दिलेली नसते. ती सिडकोतल्या नोकरदाराने महाग पेट्रोल भरून आणि सातपूरच्या कारखानदाराने महाग सुटे भाग घेऊन दिलेली असते. देशातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. व्यापारशर्तींची सुधारणा तेव्हाच म्हणायची, जेव्हा पैसे हद्दीपलीकडून जास्त येतात.

उलट, रुपया पडल्यावर शर्ती बिघडूही शकतात. आपला बराचसा व्यवहार डॉलरमध्ये ठरतो. आयातीचा डॉलरमधला भाव आपला रुपया पडला म्हणून कोणी कमी करत नाही. पण युरोपातल्या किंवा आखातातल्या खरेदीदाराला रुपयाचा दर माहीत असतो आणि पुढच्या सौद्याला तो म्हणतो, तुम्हाला रुपयांत जास्त मिळतंय ना, मग डॉलरमध्ये दहा सेंट सोडा. एकमेकांशी चढाओढ करणारे निर्यातदार सोडतातही. डॉलरमधला निर्यात भाव उतरला, आयात भाव तसाच राहिला, तर गुणोत्तर खाली गेलं, आणि तेही निर्यातदार रुपयांत खूश असताना.

कांद्याकडे आल्याशिवाय नाशिकला हा विषय पुरा होत नाही, कारण गुणोत्तर चढूनही देशाला कमी परवडतं ते इथे दिसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. किमान मूल्य लागलं की स्वस्त माल जहाजावर चढूच शकत नाही, म्हणून जो काही जातो त्याची सरासरी किंमत कागदावर वाढते. समजा भावाचा निर्देशांक १०० वरून १५० झाला, आयात किमती स्थिर, तर व्यापारशर्ती १५०, झकास! पण गिऱ्हाईक पाकिस्तान किंवा इजिप्तच्या कांद्याकडे वळलं आणि आपली निर्यात शंभराची चाळीस झाली, तर १५० गुणिले ४० भागिले १०० म्हणजे ६०. पूर्वी शंभर गाड्यांची आयात परवडायची, आता साठ.

भाव आणि माल दोन्ही धरणाऱ्या ह्या दुसऱ्या आकड्याला उत्पन्न व्यापारशर्ती म्हणतात, आणि शेतमालासाठी दोन्ही सोबतच बघावेत. भाव परदेशी मागणी वाढल्यामुळे चढला असेल, तर दोन्ही आकडे वर जातात. अवकाळीने माल गेल्यामुळे किंवा बंधनामुळे चढला असेल, तर पहिला वर आणि दुसरा खाली. ही तफावत दिसली की समजायचं, किमतीमागचं कारण गिऱ्हाइकाच्या बाजूला नाही, आपल्या बाजूला आहे.

मोजणीतला सापळा ह्याहून बारीक आहे. देशाचे हे निर्देशांक कोलकात्याचं वाणिज्यिक आसूचना आणि सांख्यिकी महासंचालनालय सीमाशुल्काच्या नोंदींवरून काढतं. त्या नोंदीत एकूण मूल्य आणि एकूण वजन असतं. प्रत्यक्ष भाव नसतो. मूल्याला वजनाने भागून जे येतं ते ‘एकक मूल्य’. ताज्या द्राक्षांचा संकेतांक ०८०६१००० हा एकच, मग त्यात युरोपला जाणारं पाचशे ग्रॅमच्या पनेटमधलं रंगीत द्राक्षही आलं आणि बांगलादेशला ट्रकने जाणारं कॅरेटमधलंही. धरा, युरोपचा भाव किलोला २ डॉलर, बांगलादेशचा ०.८०. निम्मा-निम्मा माल गेला तर सरासरी १.४०. पुढच्या वर्षी बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं, तिकडची गाडी कमी झाली, पाऊण माल युरोपला आणि पाव तिकडे. सरासरी १.७०. एकक मूल्य २१ टक्के वाढलं, आणि दोन्हीकडचा भाव एका सेंटनेही हललेला नाही.

हे ओळखायचं कसं? वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठ आकडी संकेतांकानुसार देशवार मूल्य आणि प्रमाण मिळतं. प्रत्येक देशाचं एकक मूल्य वेगळं काढा, मग आधारवर्षीचेच वाटे कायम ठेवून सरासरी घ्या. वरच्या उदाहरणात जुन्या निम्म्या-निम्म्या वाट्यांनी उत्तर १.४० येईल आणि ‘वाढ’ नाहीशी होईल. दर्जा खरोखर सुधारल्यामुळे महाग बाजार मिळाला असेल, तर ती कमाई बागायतदाराच्या कष्टाची आहे. ती उत्पादनाच्या खात्यात मांडावी, व्यापारशर्तींच्या नव्हे.

जहाजभाड्याचंही असंच. आपल्या नोंदीत निर्यात बंदरावर माल चढवेपर्यंतच्या किमतीला असते आणि आयात भाडं-विम्यासकट. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपच्या सुपरमार्केटने द्राक्षाचा तिथला भाव वाढवला नाही, तर वाढलेलं भाडं न्हावाशेवा बंदरावरच्या भावातून कापलं जातं. उलट त्या मार्गाने येणाऱ्या मालावर तेच भाडं आयात किमतीत चढतं. दोन्ही देशांतल्या विक्रेत्यांनी काही न बदलताही गुणोत्तर दोन्ही बाजूंनी खाली येतं. त्या वर्षीचा आकडा वाचताना हे बाजूला काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

शेवटी तुमच्या बागेचा हिशेब, कारण देशाचा आकडा तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते अडवले गेले, तेव्हाचा वाद हाच होता: शेतकरी विकतो त्याचा भाव आणि विकत घेतो त्याचा भाव. पोटॅशच्या गोणीवर २०१० पासून पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान असल्याने आंतरराष्ट्रीय भावाचा काही मार सरकार झेलतं. ०-५२-३४ सारख्या बाहेरून येणाऱ्या विद्राव्य खताला ती उशी नाही, तिथे भाव थेट तुमच्या बॅगेवर येतो.

एका वर्षाच्या पावत्या काढा आणि खर्चाचे वाटे ठरवा. उदाहरणापुरतं धरू: औषधं ३० टक्के, विद्राव्य खतं २५, डिझेल १०, मजुरी ३५. पुढच्या वर्षी औषधं ५ टक्के महागली, खतं ३० टक्के, डिझेल स्थिर, मजुरी १२ टक्के. वाट्यांनी गुणून बेरीज करा: १.५ अधिक ७.५ अधिक शून्य अधिक ४.२, म्हणजे १३.२. द्राक्षाचा बागेवरचा भाव ८ टक्के वाढला असेल, तर १०८ भागिले ११३.२, म्हणजे साधारण ९५. कच्चं तेल उतरल्याने देशाचा आकडा त्याच वर्षी १०५ असू शकतो. वाटे दरवर्षी बदलू नका, चार-पाच वर्षांनी एकदाच बदला. आणि भाव एकाच प्रतीच्या, एकाच आकाराच्या मण्यांचा घ्या. नाहीतर बारीक मालाच्या वर्षी शर्ती बिघडल्या असं दिसेल, आणि प्रत्यक्षात बिघडलेला असेल तो माल.